सायकलच्या तारा, चष्म्याची काडी आणि कोळ्याचं जाळं : पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

जुन्या सायकलींच्या पुस्तिकेचं काम हातात आलं. सायकली ज्यांच्या आहेत त्या काकांच्या वाड्यात विटांच्या भिंतीसमोर फोटो काढलेत. पुस्तिकेचं पान फिकट मलई रंगाचं आहे आणि त्यावर नुसती सायकल हवी. भिंत नको, फरशी नको, चाकातून डोकावणारी वीटही नको. काकांची अट एकच : "पुढच्या चाकाला बत्तीस तारा आहेत, मागच्याला चाळीस. एकही कमी दिसता कामा नये. मी मोजणार आहे." जुन्या इंग्लिश घडणीच्या काळ्या सायकलींना ३२ आणि ४० हीच जोडी असायची, आपल्याकडच्या सायकलींतही तीच आली.

कामाला हात लावण्याआधी तार पिक्सेलमध्ये किती जाड आहे ते काढून ठेवलं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात सायकलीने ५२०० पिक्सेल व्यापलेत. सायकल साधारण १८५० मिलिमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरला २.८ पिक्सेल. तार २ मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम साडेपाच पिक्सेल. त्यातला दोन्ही कडांचा एक-दीड पिक्सेल तार आणि भिंत यांची सरमिसळ असतो. निव्वळ तारेचे म्हणता येतील असे मधले दोन-तीनच उरतात.

हाच फोटो वेबसाइटसाठी १००० पिक्सेलवर आणला, तर तार जेमतेम ०.९ पिक्सेलची होते. तिथे निव्वळ तारेचा असा एकही पिक्सेल सापडणार नाही. म्हणून कापायचं काम मूळ मोठ्या फाइलवरच करायचं आणि लहान करायचं ते कापून झाल्यावर.

७ जानेवारी

तारांच्या बाबतीत स्वयंचलित निवड का फसते, ते नीट पाहायचं म्हणून आज मुद्दाम दोन रीती चालवून पाहिल्या. पहिली OpenCV या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतली `cv2.grabCut`. ही रीत २००४ साली प्रसिद्ध झाली आणि आजही पुष्कळ ठिकाणी तीच वापरात आहे. निकाल दोन टोकांचा आला : काही तारा साफ गायब, तर चाकाच्या मधल्या हबजवळचा भाग विटांसकट भरीव थाळीसारखा उचललेला.

कारण तिच्या हिशोबातच आहे. ही रीत दोन खर्च मांडते. चुकीच्या रंगाचा पिक्सेल निवडीत आला किंवा बाहेर राहिला तर एक खर्च, आणि निवडीची सीमारेषा जितकी लांब तितका दुसरा खर्च. मोठ्या, गोलसर वस्तूला हे सोयीचं पडतं, कारण तिचं क्षेत्रफळ भरपूर आणि सीमा त्या मानाने थोडी. तारेचं नेमकं उलट असतं. ३०० मिलिमीटरची तार या फोटोत साधारण ८४० पिक्सेल लांब आहे. तिला दोन कडा, म्हणजे १६८० पिक्सेलची सीमा, आणि जाडी साडेपाचच. तार जसजशी बारीक होईल तसतसा सीमेचा वाटा वाढत जातो आणि शेवटी तार सोडून देणंच स्वस्त पडतं. हबजवळ तारा दाटीने येतात, तिथे फटींचंही हेच होतं : फट बारीक, तिची सीमा लांब, म्हणून ती बुजवून टाकणं स्वस्त. तार गळणं आणि फट भरली जाणं हे दिसायला दोन वेगळे दोष असले तरी मूळ एकच. सीमेच्या खर्चाचं वजन कमी केलं की तारा थोड्या परत येतात, पण त्यांच्याबरोबर विटांचे ठिपकेही येतात.

दुसरी रीत GIMP या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममधली `Foreground Select`, इंजिन `Matting Levin`. इथे सीमेचा खर्च नसतो. प्रत्येक पिक्सेलमध्ये वस्तू किती टक्के आहे याचा अंदाज ती आजूबाजूच्या खात्रीच्या जागांवरून बांधते. रिमजवळ फटी मोठ्या आहेत, तिथे ही रीत खरोखर चांगली चालली. हबपासून तळहातभर अंतरात मात्र तारांच्या मधोमध राखाडी धुकं राहिलं. तिला 'ही नक्की भिंत' असं दाखवायला तिथे जागाच नसते. इवलीशी फट आणि तिच्या चारही बाजूंनी अनिश्चित पट्टा, मग ती अंदाज बांधणार तरी कशावरून?

९ जानेवारी

आज कामाची दिशा ठरली. फटी निवडत बसायचंच नाही.

एका चाकात किती फटी असतात ते मांडून पाहिलं की हे लगेच पटतं. मागच्या चाकाला ४० तारा, प्रत्येक बाजूला २०. प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडत असेल, तर एका बाजूला ३० छेद, दोन्ही मिळून ६०. दर छेदामागे एक नवी फट. शिवाय या बाजूच्या तारा त्या बाजूच्या तारांवरून गेलेल्या दिसतात, त्या वेगळ्या. म्हणजे एका चाकात शंभराहून कितीतरी अधिक फटी आणि त्यातल्या निम्म्या बोटाच्या पेराहून लहान. तारा मात्र चाळीसच, आणि सगळ्या सरळ.

म्हणून क्रम असा : बाहेरची आकृती पाथने, म्हणजे बिंदू जोडून आखलेल्या रेषेने, कापायची. मग रिमच्या आतल्या कडेवर `Ellipse Select` बसवून लेयर मास्कमध्ये तो सगळा भाग काळा भरायचा. मास्कमधलं काळं ते लपतं, पांढरं ते दिसतं, म्हणजे चाक पूर्ण रिकामं. त्यानंतर जे जे खरंच सायकलीचं आहे ते एकेक करून पांढऱ्याने परत आणायचं : हब, स्टँडचे पाय, मडगार्डच्या आधारसळ्या, चेनकव्हरचा दिसणारा भाग आणि शेवटी तारा. फटी आपोआपच रिकाम्या राहतात, कारण त्यांना कोणी हातच लावलेला नसतो.

मागच्या चाकात एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं लागतं. तारांमागून जे दिसतं ते सगळंच भिंत नसतं. डबल स्टँडचा पाय तारांमधून दिसतो आणि तो ठेवायचा असतो. त्याच्या शेजारी स्टँडची सावली फरशीवर पडलेली, ती काढायची. दोन्ही काळपट असल्याने रंगावरून फरक कळत नाही. पाय वरपर्यंत शोधत नेला की तो कुठे संपतो ते समजतं.

१० जानेवारी

तारा आखण्याआधी भिंगाचा बाक काढला. तार ही सरळ रेषा आहे, आणि सरळ रेषा तिरकस कोनातून पाहिली तरी फोटोत सरळच राहते. चाक लंबगोल दिसलं तरी तारा सरळच. पण रुंद कोनाचं भिंग फोटोच्या कडेला रेषा बाहेर फुगवतं. या फोटोत मागचं चाक कडेला आहे, आणि दोन टोकं बरोबर धरून पाथ टाकला तर मधोमध तो तारेपासून तीन-चार पिक्सेल बाजूला पडत होता. साडेपाच पिक्सेलच्या तारेला एवढी चूक म्हणजे अर्ध्याहून जास्त तार बाहेर आणि तेवढीच वीट आत. darktable मध्ये `lens correction` लावून नवी फाइल काढली. आता दोन टोकं जुळली की मधलं आपोआप जुळतं.

पाथ टाकताना फोटो ८०० टक्क्यांवर ठेवला. तार जिथे हबच्या कडेतून निघते तिथे एक बिंदू, रिमच्या निप्पलपाशी दुसरा. `Shift` धरून क्लिक केलं की त्याच पाथमध्ये नवी तार सुरू होते, म्हणून या बाजूच्या सगळ्या तारा एका पाथमध्ये आणि त्या बाजूच्या दुसऱ्यात ठेवल्या. वेगळ्या ठेवण्याचं कारण आहे. पलीकडच्या तारा कॅमेऱ्यापासून थोड्या लांब, त्यामुळे किंचित बारीक दिसतात आणि थोड्या मऊही. या बाजूला जाडी ५ पिक्सेल दिली, त्या बाजूला ४.५.

मग मास्क निवडून, पुढचा रंग पांढरा ठेवून `Edit > Stroke Path`, त्यात `Stroke line`, `Antialiasing` चालू. ब्रशने ओढण्याचा पर्यायही तिथेच आहे, पण त्यात कडेचा मऊपणा ब्रशवर अवलंबून राहतो. ठरावीक जाडीची रेषा जास्त भरवशाची.

जाडी मोजलेल्या साडेपाचपेक्षा मुद्दाम कमी घेतली आहे. त्याचं कारण उद्याच्या कामात.

११ जानेवारी

तारा मलई रंगावर बसवून पाहिल्या. फटी स्वच्छ, तारा सलग, पण प्रत्येक तारेला विटकरी झाक. जाडी कमी केल्याने ती घटली, पण गेली नाही.

नेहमीच्या वस्तूंमध्ये अशी झाक कडेच्या सरमिसळीमुळे येते. क्रोमच्या तारेत त्याहून पुढची गोष्ट घडते. तार म्हणजे गोल आरसा. आपल्याकडे तोंड असलेला तिचा मधला भाग कॅमेऱ्यामागचं अंगण दाखवतो. कडेकडे जावं तसा पृष्ठभाग वळतो आणि अगदी कडेला तो इतका तिरका होतो की त्यात तारेच्या मागची भिंतच दिसते. म्हणजे चकचकीत तारेची कड नेहमी आपल्या पार्श्वभूमीच्याच रंगाची असते. कितीही चांगल्या कॅमेऱ्याने काढा, कड शोधणारी कुठलीही रीत इथे अडखळणारच, कारण तिला हवा असलेला रंगातला फरक त्या जागी नसतोच.

याच कारणाने उजेडावरून निवडही जमत नाही. एकच तार वरच्या अर्ध्यात आकाश दाखवते म्हणून भिंतीपेक्षा उजळ दिसते, खालच्या अर्ध्यात फरशी दाखवते म्हणून गडद. मध्ये कुठेतरी ती भिंतीइतक्याच उजेडाची होते आणि दिसेनाशी होते. कुठलाही उंबरा लावला तरी तार तिथे तुटणार.

रंगाचा उपाय असा केला. सायकलीच्या लेयरची प्रत घेतली. तिच्या मास्कमध्ये त्याच पाथवरून फक्त २ पिक्सेलची रेषा ओढली, म्हणजे निव्वळ तारेचा गाभा. `Apply Layer Mask` करून गाभा वेगळा काढला. मग `Filters > Distorts > Value Propagate`, त्यात `More opaque`. यामुळे गाभ्याचा रंग आजूबाजूच्या रिकाम्या पिक्सेलमध्ये एकेक पाऊल पसरतो. `Ctrl+F` ने तेच दोन-तीनदा. गाभा जाड झाला, आणि आडवा पसरत असल्याने तारेच्या लांबीवरचे उजेड-अंधाराचे टप्पे जसेच्या तसे राहिले. त्यावर पुन्हा ५ पिक्सेलचा मास्क. आता तारेची कडही तारेच्याच रंगाची आहे. छेदांवर एका तारेचा रंग दुसरीवर किंचित सांडतो, पण दोन्ही क्रोमच्याच असल्याने डोळ्याला कळत नाही.

निप्पल आणि हबजवळचा तारेचा बाक हे भाग रेषेने येत नाहीत. ते बारीक ब्रशने हाताने भरले.

१३ जानेवारी

तपासणी. मलई पानावर पाहून समाधान मानू नये, कारण फिकट पानावर फिकट घाण लपते. खाली एकदा गडद जांभळा लेयर ठेवला, एकदा पोपटी. विटकरी झाक पोपटीवर लगेच दिसते, उरलेलं धुकं जांभळ्यावर.

दुसरी चाचणी मास्कचीच. `Alt` धरून मास्कच्या चित्रावर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. फटीतला काळा पूर्ण काळा आहे की ३-४ आकड्यांचा राखाडी आहे, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून मास्कची प्रत काढून तिला `Threshold` मध्ये १ चा उंबरा लावला. शून्य नसलेलं सगळं पांढरंफटक होतं. मागच्या चाकात, स्टँडच्या पायाजवळ, मऊ ब्रशची शेपटी दोन फटींत गेलेली सापडली. छापल्यावर तिथे विटांच्या सांध्याची पुसट रेघ उमटली असती.

मग तारांची मोजदाद. पुढच्या चाकात ३२ पैकी एक तार दिव्याच्या आधारपट्टीमागे झाकली जाते, पण तिची दोन्ही टोकं दिसतात. काकांना दाखवताना हे आधीच सांगायचं.

१७ जानेवारी

मुखपृष्ठासाठी काकांचा स्वतःचा फोटो. हसरे, सायकलीच्या दांड्यावर हात ठेवून उभे, चष्मा घातलेला. इथे बारीकपणा हा प्रश्न नाही. चेहरा १५० मिलिमीटर रुंद धरला तर फोटोत तो १८०० पिक्सेल आहे, म्हणजे दीड मिलिमीटरची धातूची फ्रेमसुद्धा १८ पिक्सेलची. प्रश्न फटींचा आहे, आणि त्या दोन प्रकारच्या आहेत.

पहिली साधी. समोरून पाहिलं की काडी बिजागरीपासून कानाकडे जाताना कानशिलापासून थोडी सुटते आणि मध्ये एक निमुळता त्रिकोण राहतो. त्यात भिंत दिसते. तो त्रिकोण चेहरा, काडी आणि कान यांनी चहूबाजूंनी बंद असल्याने निवडीची अवजारं त्याला चेहऱ्याचाच भाग समजतात. तिथे विटकरी तुकडा राहिला तर वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण फोटो चिकटवलेला आहे हे कळेल. तीन बिंदूंचा पाथ, आत काळा, झालं.

दुसरी फट भिंगाच्या आत आहे आणि ती सहसा सुटते. काकांचा नंबर मायनस आहे. मायनस भिंगातून मागची वस्तू लहान दिसते, म्हणून भिंगाआड चेहऱ्याची बाजू आत सरकल्यासारखी दिसते. फ्रेमच्या वर आणि खाली गालाची रेषा जिथे आहे, त्यापेक्षा भिंगात ती नाकाच्या बाजूला चांगली आत. ती सरकलेली रेषा आणि फ्रेमची बाहेरची कड यांच्यामध्ये चंद्रकोरीएवढी भिंत दिसते. म्हणजे चष्म्याच्या आत, डोळ्याशेजारी, वीट. नंबर जितका मोठा तितकी कोर रुंद.

ती कोर कापली की जागा एकदम मोकळी होते आणि भिंगाला भोक पडल्यासारखं दिसतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो, दोन पृष्ठांचे ८. म्हणून कोर पूर्ण रिकामी करून तिच्यावर ८ टक्के अपारदर्शक काळा थर ठेवला. भिंगावरची खिडकीची चमक वेगळ्या लेयरवर `Screen` मोडमध्ये परत आणली. आता पान भिंगातून दिसतं आणि काच काचच राहते. चेहऱ्याची सरकलेली रेषा मात्र सरळ करायची नाही. तिला फ्रेमबाहेरच्या गालाशी जुळवलं तर नंबरचा चष्मा बिननंबरचा होतो आणि काका काकांसारखे दिसत नाहीत.

२२ जानेवारी

दुसऱ्या सायकलीचा फोटो नव्याने काढायचा असल्याने दोन पार्श्वभूमींची रीत वापरून पाहिली. ती १९९६ साली स्मिथ आणि ब्लिन यांनी नीट मांडली. वस्तू एकदा पांढऱ्या कापडासमोर, एकदा काळ्या कापडासमोर. कॅमेरा, वस्तू आणि उजेड जराही हलवायचे नाहीत, आणि दोन्ही रिकामी कापडंही टिपून ठेवायची. वस्तूने जो पिक्सेल पूर्ण झाकला तो दोन्ही फोटोंत सारखा. जो पूर्ण मोकळा तो कापडाइतका बदलतो. मधला जितका बदलेल तितका मोकळा. अंदाज बांधावाच लागत नाही, उत्तर सरळ वजाबाकीने येतं.

```python
a = 1 - (P - K) / (P0 - K0)
F = (K - (1 - a) * K0) / a
```

`P` आणि `K` हे वस्तूचे फोटो, `P0` आणि `K0` रिकाम्या कापडांचे, `a` म्हणजे झाकलेला भाग. `a` शून्याजवळ असेल तिथे दुसरी ओळ सोडून द्यायची. फोटो सरळ उजेडाच्या आकड्यांत हवेत. पडद्यासाठी वाकवलेले आकडे घेतले तर अर्ध्या झाकलेल्या पिक्सेलचं उत्तर चुकतं. म्हणून `dcraw -4 -T -w` ने फाइली काढल्या.

ब्रेकच्या काळ्या केबलचं उदाहरण. कापडांचा उजेड ०.८० आणि ०.०४, फरक ०.७६. केबलच्या कडेचा एक पिक्सेल पांढऱ्यावर ०.४३ आणि काळ्यावर ०.०५. फरक ०.३८, भागाकार ०.५, म्हणजे पिक्सेल बरोबर अर्धा झाकलेला. केबल, टायर, काळा सांगाडा, सगळं अप्रतिम आलं, आणि केबल व हँडल यांच्यामधल्या फटी एकही क्लिक न करता मोकळ्या झाल्या.

तारांनी मात्र ११ तारखेचीच अडचण दुसऱ्या रूपात दाखवली. तारेच्या मधला, पूर्ण झाकलेला पिक्सेल : पांढऱ्यावर ०.४२, काळ्यावर ०.२३. तार आरसा असल्याने तिनेही कापडाचा रंग थोडा घेतला. फरक ०.१९, आणि सूत्र सांगतं की तार पाव भाग पारदर्शक आहे. ही रीत धरून चालते की पार्श्वभूमी बदलली तरी वस्तू बदलत नाही. क्रोमच्या बाबतीत ते खरं नाही. कापड दूर नेलं आणि अरुंद केलं की फरक घटतो, कारण तारेत दिसणारा कापडाचा वाटा कमी होतो, पण शून्य होत नाही.

तेव्हा मिश्र रीत ठरली. सायकलीचा रंगवलेला भाग, रबर आणि केबल दोन पार्श्वभूमींवरून. तारा, रिमची आतली कड आणि हँडल पाथने. नव्या फोटोत एक सुधारणा करून घेतली : फोटोच्या चौकटीच्या लगेच बाहेर दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे केले. त्यामुळे तारेच्या कडेच्या आतल्या बाजूला काळी बारीक रेघ उमटते, आणि पाथ टाकताना तार कुठे संपते ते दिसतं.

२७ जानेवारी

तिसरी सायकल कोठीत बरीच वर्षं उभी होती. हँडल आणि ब्रेकच्या सळीमध्ये कोळ्याचं जाळं आहे, आणि काकांना ते ठेवायचं आहे. मलाही ते आवडलं.

तारेची रीत इथे लागू होत नाही, हे आकड्यांवरूनच दिसतं. या अंतरावरून एक पिक्सेल ०.३६ मिलिमीटरचा. जाळ्याचा धागा काही हजारांश मिलिमीटर. ०.००३ धरला तर पिक्सेलचा एक टक्कासुद्धा झाकत नाही. मागचं काहीच लपत नाही. तरी जाळं दिसतं, कारण मागून येणारं ऊन धागा आपल्याकडे विखुरतो. म्हणजे फोटोत धागा नाही, त्याने वाढवलेला उजेड आहे. जे झाकतच नाही त्याला मास्क कसला करायचा?

मग उजेडच उचलायचा. मागे काळं कापड, सूर्य कापडाच्या थोडा वर, वारा नसताना. `Levels` मध्ये काळा बिंदू कापडाच्या उजेडापर्यंत वर आणला, म्हणजे कापड शून्य. तो लेयर `Screen` मोडमध्ये. शून्य काहीच वाढवत नाही, त्यामुळे धाग्यांमधल्या सगळ्या फटी आपोआप गायब. कापडावरची लव उन्हात चमकते आणि धाग्यासारखीच उजळते, ती तेवढी हाताने पुसली.

याची एक मर्यादा आहे आणि तिला तोड नाही. मलई पान आधीच जवळजवळ पूर्ण उजळ आहे. त्यावर उजेड वाढवायला जागाच नाही, जाळं दिसणार नाही. धागे गडद रंगाने रंगवले तर ते दोऱ्याचं जाळं होईल. म्हणून या सायकलीचं पान गडद हिरवं करायचं ठरलं. काकांना आधी ते पटलं नाही, "बाकीची पानं एकसारखी आणि हेच वेगळं?" म्हणाले. दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली, मग हो म्हणाले.

२ फेब्रुवारी

छापखान्यातून नमुना आला. सायकल पानावर १८० मिलिमीटर लांब आहे, म्हणजे तार ०.२ मिलिमीटर. ३०० डीपीआयला ती २.३ पिक्सेल होते, ते पुरेसं आहे. अडचण छपाईच्या जाळीची. इंचाला १७५ ओळींच्या जाळीत एका ठिपक्याची जागा ०.१४५ मिलिमीटर, म्हणजे तारेच्या रुंदीत दीड ठिपकासुद्धा मावत नाही. तारेचे गडद भाग छान उमटलेत, आकाश दाखवणारे फिकट राखाडी भाग तुटक ठिपक्यांसारखे दिसतात. पडद्यावर जी तार सलग होती ती कागदावर वरच्या तिसऱ्या भागात विरळ झाली आहे.

मास्कला हात लावला नाही, तो बरोबर आहे. फक्त तारांच्या लेयरवर `Curves` लावून फिकट टोक खाली आणलं. ७५ टक्के उजेडाचे भाग ५५ वर. तारा क्रोमच्याच दिसतात, थोड्या ढगाळ दिवसातल्या. सांगाडा आणि रिम वेगळ्या लेयरवर असल्याने त्यांचा चकचकीतपणा तसाच राहिला. तारांची जाडी वाढवण्याचाही पर्याय होता, पण हबजवळच्या फटी आधीच एक-दोन ठिपक्यांच्या आहेत. जाडी वाढली की त्या शाईने भरतील.

दुसरा नमुना मागवला आहे. काकांनी पहिल्याच नमुन्यावर भिंग धरून मागच्या चाकाच्या तारा मोजल्या. अडतिसाव्या तारेपाशी, स्टँडच्या पायाजवळ, त्यांना छेदामुळे दोन तारा एक वाटत होत्या. मूळ फाइल ४०० टक्क्यांवर उघडून दाखवली. चाळीस भरल्या.